यदृच्छ वाटांतून ऑप्शनची किंमत

आज १०० रुपये भाव असलेला शेअर वर्षभराने १०० रुपयांनाच घेण्याचा हक्क केवढ्याला विकावा? हा झाला कॉल ऑप्शन. फेलिम बॉइल यांनी १९७७ साली त्याच्या किमतीसाठी मोंटे कार्लो पद्धत मांडली. यदृच्छ आकडे वापरून भावाच्या हजारो संभाव्य वाटा काढायच्या, प्रत्येक वाटेच्या शेवटी धारकाच्या हाती काय पडते ते पाहायचे, व्याजदराने त्याचे आजचे मूल्य काढायचे आणि सरासरी घ्यायची.

व्याजदर ५ टक्के आणि भावातला वार्षिक चढउतार २० टक्के धरू. शेअरही सरासरीने ५ टक्केच वाढतो असे धरायचे, मग आपली आशा कितीही मोठी असो. ऑप्शन विकणारा शेअर बाळगून, त्यांची संख्या सतत बदलत आपली जोखीम झाकू शकतो, त्यामुळे ती आशा किमतीत शिरत नाही. एखादी वाट ११८ वर संपली, तर १८ रुपये मिळतात. त्यांचे आजचे मूल्य १७.१२. दुसरी ९३ वर संपली, तर शून्य. शंभरातल्या सुमारे ४४ वाटा शून्यच देतात, थोड्या मात्र ४०-५० रुपयेही देतात. म्हणून या रकमांचे प्रमाण विचलन मोठे, सुमारे १४.७ रुपये असते.

सरासरीची प्रमाण त्रुटी काढायला हे विचलन वाटांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. १०,००० वाटांना ती सुमारे १५ पैसे येते. समजा, सरासरी १०.३१ आली, तर दोन्ही बाजूंना साधारण २९ पैसे सोडून १०.०२ ते १०.६० असा ९५ टक्के भरवशाचा पट्टा मिळतो. ब्लॅक-शोल्स सूत्राचे अचूक उत्तर १०.४५ त्यात बसते. त्रुटी दीड पैशावर आणायची तर वाटा शंभरपट, म्हणजे १० लाख लागतात. हा आकडा दिल्याशिवाय नुसते '१०.३१' सांगणे मला अर्धवट वाटते.

पण प्रमाण त्रुटी फक्त यदृच्छतेची चूक मोजते. आता अट घाला, की वर्षात भाव कधीही ९० ला टेकला तर ऑप्शन रद्द. त्याची अचूक किंमत ८.६७ आहे. संगणकाने भाव महिन्यातून एकदाच तपासला, तर मध्येच ९० खाली जाऊन परत आलेल्या वाटा निसटतात आणि उत्तर ९.६ च्या आसपास येते. १० लाख वाटा काढल्या तर त्रुटी एक-दोन पैशांवर येईल, पण उत्तर ९० पैशांनी चुकलेलेच राहील. रोज तपासले तरी ते ८.९ च्या आसपासच येते. म्हणून वाटा वाढवण्याआधी तपासण्यांची संख्या दुप्पट करून पाहावी. उत्तर प्रमाण त्रुटीच्या कितीतरी पट हलले, तर दोष वाटांच्या संख्येत नाही, भाव तपासण्याच्या अंतरात आहे.