नळाचे माप : बादली, घड्याळ आणि रोजचे लिटर

धान्याच्या व्यापाऱ्यास मापाविना एक पोतेही उचलता येत नाही. मात्र त्याच व्यापाऱ्यास, आपल्या घरी रोज पाणी किती येते, असे विचारले तर "नळ अडीच तास असतो" एवढेच उत्तर मिळते. तास हे काळाचे माप झाले, पाण्याचे नव्हे. या भेदाकडे मी स्वतः अनेक वर्षे दुर्लक्ष केले व त्यापायी एका सज्जन कुटुंबावर नाहक संशय घेतला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या बेळगाव शहरातील काही प्रभागांत २००८ साली चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग सुरू झाला. आमची गल्ली त्यात नव्हती. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे तीन दिवसांतून एकदा, पहाटे अडीच तास पाणी येत असे. ते अंगणातील जमिनीखालच्या टाकीत साठवून पंपाने गच्चीवरील टाकीत चढवावयाचे आणि आम्ही व खालचे भाडेकरू मिळून सात माणसांनी वापरावयाचे, अशी व्यवस्था होती. पाणी सुरू होताच एकदा बादली लावून मी नळाची धार मोजली होती. ती मिनिटाला १२ लिटर भरली. अडीच तासांची मिनिटे १५०, म्हणजे १,८०० लिटर. तीन दिवसांत वाटल्यास दिवसाला ६००. दोन्ही घरांचा खर्चही बादल्यांच्या हिशेबाने ६०० च्याच आसपास होता. तरीही तिसऱ्या दिवशी सकाळी टाक्या कोरड्या पडत. मी भाडेकरूंना विचारणा केली. ते शांतपणे म्हणाले, "काका, आमच्या बादल्या अवश्य मोजा, पण एकदा नळही पुन्हा मोजून पाहा." तेव्हा मला राग आला, परंतु वहीत दोन्ही बाजूंच्या नोंदी हव्यात, हे त्यांचे म्हणणे नाकारता येईना.

प्रथम बादलीचीच परीक्षा घेतली. दुकानात वीस लिटरची म्हणून मिळणारी बादली काठोकाठ भरली तरच वीस लिटरची, आणि काठोकाठ भरलेली बादली मोजण्यास निरुपयोगी; शेवटचे पाणी सांडत असते. येथे आपल्या धंद्यातील काटा कामी येतो. एक लिटर पाण्याचे वजन व्यवहारात एक किलो धरावे. रिकामी बादली काट्यावर ठेवून तिचा धडा करून घ्यावा आणि बरोबर पंधरा किलो पाणी ओतून पाण्याच्या पातळीवर आतून रंगाची रेघ ओढावी. ही आपली पंधरा लिटरची खूण.

मोजावयाचे ते टाकीत पडणाऱ्या धारेशी. अंगणातील खालच्या तोटीला धार जोराची असते. तेथील आकडा टाकीला लागू पडत नाही. आरंभीची काही मिनिटे नळातून हवा व गढूळ पाणी येते, तेवढी जाऊ द्यावीत. घरातील इतर तोट्या बंद असाव्यात. आपल्या बहुतेक घरी नळाच्या तोंडाशी गाळणे बांधलेले असते. ते सोडून मोजू नये, कारण रोजचे पाणी त्यातूनच येते व दाट कापडाने धार कमी होते. धार बादलीत पडताच घड्याळ सुरू करावे आणि पाणी रेघेला टेकताच थांबवावे. मोबाईलमधील सेकंद मोजण्याची सोय याकामी उत्तम. हाताला एखाद्या सेकंदाची चूक होतेच. पंचाहत्तर सेकंदांत ती क्षुल्लक ठरते. परंतु दोन सेकंदांत भरणारा तांब्या लावला तर सारा हिशेबच बिघडतो. म्हणून भरण्यास निदान अर्धे मिनिट लागेल, असेच भांडे घ्यावे.

माझी पहिली तीन मापे ७४, ७६ व ७५ सेकंद आली, सरासरी ७५. पंधरा लिटरला ७५ सेकंदांनी भागून साठाने गुणले की मिनिटाला १२ लिटर. जुना आकडा खरा होता! चूक पुढे होती. ही पहिल्या अर्ध्या तासाची धार मी साऱ्या अडीच तासांना लावली होती. या वेळी मी प्रत्येक अर्ध्या तासाच्या मध्यास बादली लावली. पहिल्या व दुसऱ्या अर्ध्या तासात ७५ सेकंद लागले, तिसऱ्यात ९०, चौथ्यात १००, पाचव्यात १५०. गल्लीतील घरे जागी होऊन नळ सोडू लागली, तसतशी आमची धार बारीक होत गेली. मिनिटाचे लिटर अनुक्रमे १२, १२, १०, ९ व ६ होतात. त्यांची बेरीज ४९; प्रत्येक धार तीस मिनिटे चालली, म्हणून १,४७० लिटर.

येथे एक फसगत होते. पाचही वेळांच्या सेकंदांची सरासरी काढण्याचा मोह होतो. ती ९८ येते व तिच्यावरून एकूण पाणी सुमारे १,३७८ लिटर निघते, म्हणजे नव्वदांहून अधिक लिटर कमी. एकाच वेळी लागोपाठ घेतलेल्या मापांच्या सेकंदांची सरासरी चालते. परंतु धार बदलत असता आधी प्रत्येक मापाचे लिटर काढावेत, मग सरासरी.

दिवसाचा हिशेब तर अधिकच निसरडा आहे. दिवसाची मिनिटे १,४४०, म्हणून १२ ला त्यांनी गुणून १७,२८० लिटर असे सांगणारे मला भेटले आहेत. तेवढे पाणी नळ अखंड सुटा राहिला तरच मिळेल. आमचे १,४७० लिटर तीन दिवसांचे. म्हणून दिवसाला ४९०, माणशी ७०. शहरी पुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरतात, त्याच्या जवळपास निम्मे.

तरीही तिसऱ्या दिवशीचा कोरडेपणा पुरता उलगडेना. दोन दिवसांत १,२०० लिटर खर्च होऊन २७० उरावयास हवे होते. तेवढे पाणी तिसऱ्या दिवशी निदान दुपारपर्यंत पुरते. मग एका रात्री निजानीज झाल्यावर मी सर्व तोट्यांपाशी हात लावून पाहिले. माझ्याच न्हाणीघरातील एका तोटीतून बारीक धार भिंतीलगत उतरून मोरीत जात होती. आवाज मुळीच नाही. तिच्याखाली औषधाचे मापाचे भांडे धरले. चार मिनिटांत २०० मिलिलिटर भरले, म्हणजे मिनिटाला ५०. या तोटीमागे गच्चीची टाकी रात्रंदिवस उभी असल्याने येथे मात्र १,४४० नेच गुणावयास हवे : दिवसाला ७२ लिटर, दोन दिवसांत १४४. मग शिल्लक १२६, तिसऱ्या सकाळच्या आंघोळी संपेपर्यंतची.

भाडेकरूंच्या घरी जाऊन मी वही दाखविली व क्षमा मागितली. त्यांनी चहा पुढे केला आणि तोटीतील झिजलेली चकती त्यांच्याच मुलाने बदलून दिली. आता दोन्ही घरांनी दिवसाचा खर्च ४८० लिटरवर बसविला आहे. पावसाळ्यात धार वाढली, तेव्हा मे महिन्याचे आकडे निरुपयोगी झाले. म्हणून बादली अजून अंगणातच असते आणि ऋतू पालटला की पाच मापे पुन्हा घेतली जातात.