‘रिफंड प्रोसेस्ड’, पण पैसे कुठे?

आमच्या शेजारच्या काकूंनी ऑनलाइन घेतलेला १,४९९ रुपयांचा कुर्ता परत केला. शुक्रवारी संध्याकाळी मेसेज आला, ‘रिफंड प्रोसेस्ड’. सोमवारी काकू पासबुक घेऊन बँकेत हजर. पासबुकात काहीच नाही. कॉल सेंटरवाला म्हणतो, ‘आमच्याकडून पैसे गेलेत’, बँकेतली मुलगी म्हणते, ‘आमच्याकडे आलेले नाहीत’. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते.

दुकानाचं ‘प्रोसेस्ड’ म्हणजे ‘परत करा’ असा आदेश निघाला, इतकंच. काकूंनी डेबिट कार्डाने पैसे भरले होते. आदेश आधी पेमेंट गेटवेकडे जातो, तिथून दुकानाच्या बँकेकडे, मग व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून काकूंच्या बँकेकडे. ती जुना व्यवहार शोधून रक्कम खात्यात टाकते. या प्रवासाला साधारण पाच ते सात कामाचे दिवस धरतात. यूपीआयचा रिफंड बहुधा लवकर येतो, कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांत.

‘कामाचे दिवस’ इथेच आपण फसतो. काकूंचा मेसेज शुक्रवारचा. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, बँक बंद, मग रविवार. म्हणजे मोजणी सोमवारी सुरू, आणि सातवा दिवस उजाडतो थेट पुढच्या सोमवारी. काकू बँकेत गेल्या तो दिवस पहिला होता!

रक्कम नेमकी कुठे अडकली हे एका आकड्यावरून कळतं. कार्डाच्या रिफंडला एआरएन नावाचा २३ अंकी क्रमांक मिळतो, यूपीआयला १२ अंकी आरआरएन. दुकानाकडे तोच मागावा. तो देता येत नसेल, तर बहुधा गाडी गेटवेपाशीच थांबलेली असते. एक कारण असंही असतं की गेटवेकडच्या दुकानाच्या खात्यात तेवढी शिल्लकच नसते. अशा वेळी बँकेत भांडून उपयोग नाही. क्रमांक मिळाला, तर मात्र तो बँकेला दाखवून शोध घ्यायला सांगता येतं. क्रेडिट कार्डावर घेतलं असेल, तर रक्कम बचत खात्यात नाही, कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये शोधावी.

उशिराबद्दल रोज १०० रुपये भरपाई मिळते, असं अनेकांनी ऐकलेलं असतं. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा तो नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. पैसे कापले गेले, पण दुकानाला पोचल्याची खूण मिळाली नाही, अशांसाठी. माल परत करून मागितलेला रिफंड त्यात बसत नाही.

काकूंनी अखेर क्रमांक मिळवला आणि बुधवारी रक्कम जमा झाली. तुमची नाही झाली, तर बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.