मधोमध बांध, तरी वाटणी वाकडी

जालना जिल्ह्यात भावाभावांची वाटणी तोंडी ठरली की तलाठ्याच्या आधी दोरी निघते. थोरला एका धुऱ्यावर उभा राहतो, धाकटा समोरच्या धुऱ्यावर, आणि दोन्ही धुऱ्यांच्या मधावर दगड रोवून सरळ रेघ ओढली जाते. "दादा, मधातूनच गेली ना? झालं तर मग." शेत चौकोनी पाटीसारखं असेल तर खरंच झालं. पण बदनापूर-अंबडच्या बाजूला रस्ता एकीकडून, ओढा दुसरीकडून आणि धुरे आपल्या मर्जीने वळलेले, अशीच शेतं जास्त. तिथे मधातली रेघ दोघांना सारखं क्षेत्र देत नाही.

हे आकड्यांत दाखवण्यासाठी एक शेत मी बेतलं आहे. दक्षिणेला 180 मीटर रस्ता. पश्चिमेचा धुरा रस्त्याला काटकोनात, 140 मीटर. ईशान्येचा कोपरा पश्चिम धुऱ्यापासून 150 मीटर आणि रस्त्यापासून 90 मीटर आत. त्यामुळे उत्तरेचा, ओढ्याकडचा धुरा पूर्वेला उतरत येतो आणि पूर्वेचा धुरा तिरका. नैऋत्य कोपऱ्यातून ईशान्येला टेप लावून शेताचे दोन त्रिकोण केले, तर एक 8100 आणि दुसरा 10,500 चौरस मीटर भरतो. एकूण 18,600, म्हणजे 1 हेक्टर 86 आर. प्रत्येकाचा वाटा 93 आर.

गैरसमज: समोरासमोरच्या धुऱ्यांचे मध्य जोडले की दोन सारखे भाग.

रस्त्याचा मध्य 90 मीटरवर. उत्तर धुऱ्याचा मध्य पश्चिम धुऱ्यापासून 75 मीटरवर. हे दोन जोडले तर पश्चिमेला 104.25 आर आणि पूर्वेला 81.75 आर येतात. फरक साडेबावीस आर. जालन्याच्या भाषेत सांगायचं तर, मोसंबी सहा मीटरवर लावली तर पूर्वेकडच्या भावाची एकतीस झाडांची जागा दुसऱ्याच्या बांधात गेली.

मधाची युक्ती अगदीच खोटी नाही. दोन धुरे समांतर असतील आणि त्याच दोघांचे मध्य जोडले तर वाटणी बिनचूक होते. कधीतरी कुणाच्या शेतात ती जमली, आणि मग सगळ्याच शेतांना लागू झाली.

गैरसमज: चारी धुरे मोजले की क्षेत्र कळलंच.

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायचा, ही रीत अजूनही पारावर चालते. आपल्या शेताला ती लावली तर 198.5 आर येतात, खऱ्यापेक्षा साडेबारा आर जास्त. ही रीत नेहमी जास्तच दाखवते, फक्त काटकोन चौकोनात बरोबर येते. ब्रह्मगुप्ताने 628 साली तिला 'स्थूल' म्हणूनच ठेवलं होतं. भास्कराचार्यांनी तर 'लीलावती'त, कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्र विचारणाऱ्याची चांगलीच हजेरी घेतली आहे. कारण साधं आहे: चार काठ्या टोकांना सुतळीने बांधा आणि चौकट दाबा. काठ्या तेवढ्याच राहतात, आतली जागा कमी होते. म्हणून एक कर्ण मोजलाच पाहिजे. आपल्या शेतात तो 174.93 मीटर आहे.

गैरसमज: निम्मं करणारी रेघ एकच असते.

मुळात भांडण इथेच सुरू होतं. रेघेची दिशा आधी ठरवा, मग त्या दिशेची निम्मं करणारी रेघ एकच सापडते. पण दिशा हव्या तितक्या, म्हणून रेघाही हव्या तितक्या. दिशा गणित ठरवत नाही, ती घरात बसून ठरवायची. आपल्या शेतात दोघांना रस्ता हवा आणि दोघांना ओढ्याकडची काळी जमीनही हवी. वरचा मुरमाड पट्टा एकट्याच्या गळ्यात नको. मग रेघ रस्त्याकडून ओढ्याकडे, पश्चिम धुऱ्याला समांतर. आता राहिला एकच प्रश्न: धुऱ्यापासून किती मीटरवर?

गैरसमज: रेघ सरकवत सरकवत शोधणं म्हणजे अंदाजपंचे.

हा समज सगळ्यात पक्का, आणि शिकलेल्यांतही. सूत्र म्हणजे खरं, पुन्हापुन्हा करून पाहणं म्हणजे अडाणीपणा! प्रत्यक्षात रेघ पूर्वेकडे सरकवली की पश्चिमेचं क्षेत्र वाढतच जातं, मध्येच उडी मारत नाही. शून्यापासून 186 आरपर्यंत जाताना ते 93 वरून एकदा जाणारच, आणि एकदाच. उत्तर आहे याची खात्री आधीच असल्यामुळे फक्त त्याच्याजवळ जायचं उरतं.

जवळ जाण्याची युक्ती बांध कोरणाऱ्यांना जन्मजात ठाऊक असते. रेघ थोडी सरकवली की एक लांब, अरुंद पट्टी या वाट्यातून त्या वाट्यात जाते. पट्टीची लांबी साधारण रेघेएवढी, रुंदी सरकवलेल्या अंतराएवढी. म्हणून,

सरकवायचं अंतर = क्षेत्रातला फरक ÷ रेघेची लांबी

सुरुवात मुद्दाम चुकीच्या जागी करू, रस्त्याच्या मध्यावर, 90 मीटरला. तिथे रेघ 110 मीटर लांब भरते आणि पश्चिमेला 11,250 चौरस मीटर येतात. हवेत 9300, म्हणजे 1950 जास्त. 1950 भागिले 110, बरोबर 17.73. रेघ तेवढी पश्चिमेला घ्या: 72.27 मीटर.

पुन्हा मोजा. आता 9247.3 येतात, 52.7 कमी. आपण जास्त का सरकलो? कारण पश्चिमेकडे शेत उंच होत जातं. पट्टीचं एक टोक 110 मीटरचं, दुसरं जवळपास 116 चं, आणि आपण सबंध पट्टी 110 ची धरली. उरलेली ती टोकाची त्रिकोणी चिंधी. आता 52.7 भागिले 115.91, म्हणजे 45 सेंटिमीटर परत पूर्वेला: 72.72 मीटर.

तिसऱ्यांदा मोजलं तर 9299.43. एका खाटेलाही न पुरणारी जागा कमी आहे. आणखी अर्धा सेंटिमीटर सरकवलं की तीही गेली, पण अर्ध्या सेंटिमीटरला बांध कोण घालतो? गणिताच्या पुस्तकात हीच न्यूटनची रीत. या शेतासाठी वर्गसमीकरण मांडता येतं आणि त्याचंही उत्तर 72.725 च येतं. पण धुऱ्याला चार वळणं असतील तर समीकरण कोपऱ्याकोपऱ्याला बदलतं, सरकवण्याची रीत मात्र तीच राहते.

पडताळा घेताना एकूणातून वजाबाकी करू नका. पूर्वेचा तुकडा त्याच्या चार कोपऱ्यांवरून वेगळा मोजा. तो 9300.57 यायला हवा, आणि दोन्हींची बेरीज 18,600. बेरीज जुळत नसेल तर कुठलातरी कोपरा चुकीचा टिपला गेला आहे.

रीत फसते कधी? धुऱ्याचा कोपरा ओलांडला की रेघेची लांबी झपाट्याने बदलायला लागते आणि पुढची उडी भलतीकडे पडते. अशा वेळी निम्म्या-निम्म्याची सावकाश रीत धरावी: एक जागा जिथे क्षेत्र कमी पडतं, एक जिथे जास्त होतं, त्यांच्या मधोमध मोजायचं, आणि उत्तर ज्या अर्ध्यात आहे तो ठेवायचा. 180 मीटरवरून एका सेंटिमीटरवर यायला पंधरा फेऱ्या लागतात, पण ती चुकत नाही. आणि ओढा शेतात घुसून वळलेला असेल तर एक सरळ रेघ धुऱ्याला चार ठिकाणी छेदू शकते. क्षेत्र निम्मं होईल, पण एकाचा वाटा दोन तुटक तुकड्यांत. तिथे दिशाच बदलावी लागते.

गैरसमज: रस्त्याकडे अमुक मीटर आले, म्हणजे ओढ्याकडेही तेवढेच मोजायचे.

हिशेब बरोबर असून वाटणी बिघडते ती बहुतेक इथे. 72.72 हे पश्चिम धुऱ्यापासूनचं आडवं, काटकोनातलं अंतर आहे. उत्तरेचा धुरा तिरका, त्यामुळे त्याच्यावरून टेप धरला तर दगड 76.65 मीटरवर येतो. तिथेही 72.72 वरच दगड रोवला तर रेघ वर पश्चिमेला झुकते आणि पश्चिमेच्या वाट्यातून सुमारे 216 चौरस मीटरचा त्रिकोण निघून जातो. एकाचे दोन आर कमी, दुसऱ्याचे दोन जास्त. रोवलेल्या दोन दगडांमध्ये टेप टाकून पाहावा. 115.76 मीटर भरलं पाहिजे. ज्याने चूक केली त्याला 117 च्या वर दिसेल.

याचंच भावंड म्हणजे "रस्त्याला सारखं तोंड, म्हणजे सारखा वाटा". हेच शेत तीन भावांत याच दिशेने वाटलं तर रस्त्यावरची तोंडं 46.90, 53.73 आणि 79.37 मीटर येतात. क्षेत्र तिघांचं 62 आरच. पूर्वेकडच्या भावाचं तोंड बघून बाकीचे दोघे नक्की कुरकुरतील.

विहीर असेल तर?

पुष्कळदा रेघ विहिरीतूनच जावी लागते, म्हणजे पाण्यावर दोघांचा हक्क राहतो. समजा विहीर उत्तर धुऱ्यावर, पश्चिमेपासून आडवी 60 आणि रस्त्यापासून 120 मीटरवर आहे. वरचं टोक बांधलेलं, खालचं रस्त्यावर सरकवायचं. आता पट्टी नाही, त्रिकोण सरकतो, म्हणून फरकाच्या दुपटीला 120 ने भागायचं. 90 मीटरला पश्चिमेचं क्षेत्र 9600, फरक 300. 600 भागिले 120, पाच मीटर. उत्तर 85, एका फेरीत आणि अचूक, कारण त्रिकोणाची उंची बदलतच नाही. किंमत एवढीच की नवा बांध तिरका येतो आणि पेरताना दोन्ही बाजूंना तासं आखूड पडतात.

गैरसमज: मोबाइलवर शेताभोवती फिरून आलो, आता सेंटिमीटरपर्यंत हिशेब पक्का.

हिशेब कोपऱ्यांपेक्षा जास्त अचूक होऊ शकत नाही. मोबाइलचा जीपीएस तीन मीटरने सहज चुकतो. 115 मीटरच्या रेघेवर ते साडेतीन आर होतात, आणि मग 72.72 मधला शेवटचा आकडा नुसती शोभा. भूमी अभिलेखचे भूकरमापक रोव्हर लावतात तेव्हा कोपरा काही सेंटिमीटरांत मिळतो. टेपनेही, कर्ण धरून, मोबाइलपेक्षा बरंच चांगलं काम होतं.

शिवाय निम्मं कशाचं करायचं? सातबाऱ्यावर 1 हेक्टर 90 आर असतील आणि जागेवर 186 भरत असतील, तर एकाला 95 मोजून दिले की दुसऱ्याच्या हाती 91 च उरतात. जागेवर आहे त्याचंच निम्मं करा. अभिलेखातला फरक दोघांनी मिळून मोजणी कार्यालयात मांडायचा. पोटखराबा ओढ्याच्या कडेने असेल तर तो आधी वेगळा मोजावा, नाहीतर एकाच्या 93 आरांत नांगर चालणार नाही अशी जागा जास्त येते.

दगड रोवले, स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या, तरी सातबारा त्याने फुटत नाही. संमतीची वाटणी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे जाते, आणि 1947 चा तुकडेबंदी कायदा तिथे आडवा येतो का ते पाहावं लागतं. 93 आरांना तो सहसा अडवत नाही. हेच दोन भाऊ पुढे आपापल्या मुलांना वाटायला बसले की मात्र तुकडा केवढा होतो ते रेघ ओढण्याआधी मोजावं लागेल.