सोळापर्यंत मोजणारं नेटवर्क

मोसम नदीच्या काठाने ताहाराबादहून निघालं की जायखेडा, नामपूर आणि पुढे मालेगाव लागतं. समजा, या चार गावांत एकेक राउटर आहे आणि प्रत्येक राउटर केबलने फक्त शेजारच्या गावाशी जोडलेला आहे. मालेगावच्या सर्व्हरकडे जाणारी वाट ताहाराबादच्या राउटरला कशी कळते?

एक पद्धत आहे डिस्टन्स व्हेक्टर. तिच्यात प्रत्येक राउटर शेजाऱ्यांना ठरावीक वेळाने एवढंच सांगतो, की अमुक ठिकाण माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे. ऐकणारा त्यात एक मिळवतो आणि आपल्या टेबलमध्ये लिहून ठेवतो. त्यामुळे मालेगाव नामपूरला 1, जायखेड्याला 2 आणि ताहाराबादला 3 टप्प्यांवर दिसतं. हिशेब सोपा आहे, पण अंतर सांगणारा वाट सांगत नाही. अडचण तिथेच आहे.

आता नामपूर-मालेगाव केबल तुटली. नामपूरच्या राउटरने ते ओळखलं, पण ही बातमी तो पाठवण्याआधीच जायखेड्याचा नेहमीचा निरोप येऊन धडकला: ‘मालेगाव माझ्यापासून 2 टप्प्यांवर.’ ते 2 टप्पे खुद्द नामपूरमधूनच जातात, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नाही. नामपूरला वाटतं, जायखेड्याकडे दुसरी वाट आहे. तो 3 लिहितो. जायखेडा नामपूरच्या भरवशावर असल्यामुळे तो 3 ऐकून 4 करतो. मग नामपूर 5 करतो, जायखेडा 6. दोघं एकमेकांचाच आकडा वाढवत राहतात. याला ‘काउंट टू इन्फिनिटी’ म्हणतात.

एवढ्या वेळात मालेगावला निघालेलं प्रत्येक पॅकेट नामपूर आणि जायखेड्यात येरझाऱ्या घालतं. पॅकेटवर एक आकडा असतो, बऱ्याचदा 64 पासून सुरू होणारा. दर राउटरवर तो एकाने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. `traceroute` चालवल्यावर तेच दोन पत्ते आलटून पालटून दिसले, तर पॅकेट अशा फेऱ्यात सापडलंय हे ओळखावं. मात्र हा फेरा याच कारणाने पडला, हे टेबलमधला आकडा वाढताना पाहिल्यावरच ठरतं.

1988 मध्ये प्रमाणित झालेल्या आरआयपी या डिस्टन्स व्हेक्टर पद्धतीने मोजणीला सीमा घातली. तिथे 16 म्हणजेच अनंत. पण निरोप दर 30 सेकंदांनी जातात, त्यामुळे 16 गाठायलाही काही मिनिटं जाऊ शकतात. शिवाय 15 टप्प्यांपलीकडचं ठिकाण, ते सुरळीत असलं तरी, पोहोचण्याबाहेर जातं. दुसरा उपाय ‘स्प्लिट होरायझन’: जी वाट शेजाऱ्याकडून कळली, ती त्याच शेजाऱ्याला परत सांगायची नाही. मग जायखेडा नामपूरला मालेगावबद्दल काही बोलणारच नाही आणि आपल्या सरळ रेषेतला घोळ टळेल. पण सटाण्याचा राउटर जायखेडा आणि नामपूर दोघांना जोडला, की त्रिकोण तयार होतो. नामपूरची वाईट बातमी सटाण्याला उशिरा पोहोचली, तर सटाणा आपली जुनी वाट जायखेड्याला सांगेल आणि जायखेडा ती नामपूरला. नियम कोणीच मोडलेला नसेल, तरीही मोजणी पुन्हा सुरू होईल.

लिंक स्टेट पद्धत मुळावरच घाव घालते. तिच्यात ऐकीव अंतर कोणी सांगतच नाही. प्रत्येक राउटर फक्त स्वतःच्या जोडण्या सांगतो आणि ते निवेदन जसंच्या तसं सगळ्यांपर्यंत पोहोचवलं जातं. त्यातून प्रत्येकजण पूर्ण नकाशा मांडतो आणि डाइक्स्ट्रा यांच्या रीतीने जवळची वाट स्वतः काढतो. केबल तुटली की नामपूर नवं निवेदन काढतो, ‘मालेगावची जोडणी आता नाही.’ ताहाराबादच्या नकाशातून ती रेघ पुसली जाते आणि तिथून वाटच उरत नाही, हे त्याला स्वतःलाच दिसतं. निवेदन पसरेपर्यंत नकाशे क्षणभर वेगळे असतात, तेवढ्यात छोटे फेरे पडू शकतात, पण आकडा चढत जात नाही. किंमत मोजावी लागते ती जास्त मेमरीची आणि जास्त गणिताची.

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटने 1979 मध्ये डिस्टन्स व्हेक्टर सोडून लिंक स्टेट पद्धत घेतली. पण या पद्धतीत जुनं निवेदन कोणतं आणि नवं कोणतं, हे ओळखता यायलाच हवं, म्हणून त्यावर क्रमांक असतो. अर्पानेटवर हे क्रमांक घड्याळासारखे फिरून पुन्हा सुरुवातीला येत. 27 ऑक्टोबर 1980 रोजी बिघडलेल्या हार्डवेअरमुळे एकाच राउटरची 8, 40 आणि 44 क्रमांकांची तीन निवेदनं फिरू लागली. त्या चक्री हिशेबात 40 हा 8 पेक्षा नवा, 44 हा 40 पेक्षा नवा आणि 8 पुन्हा 44 पेक्षा नवा ठरत होता. तिन्ही एकमेकांना हटवत राहिली आणि नेटवर्क काही तास ठप्प झालं. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ओएसपीएफ या लिंक स्टेट पद्धतीत म्हणूनच क्रमांक फिरत नाहीत, सरळ वाढत जातात, आणि प्रत्येक निवेदनाला वय असतं. तासाभरात ते नव्याने आलं नाही, तर नकाशातून काढून टाकलं जातं.