हलव्यात पडलेले मीठ

आई तापाने झोपलेली आहे आणि तिच्यासाठी तिच्याच पद्धतीचा गाजराचा हलवा करायला मुलगा स्वयंपाकघरात शिरला आहे. या गोष्टीत पुढे साखरेऐवजी मीठ पडते. ते का पडते आणि इतक्या उशिरा का कळते, याचे उत्तर कढईतच सापडते.

चूक डब्यापासून सुरू होते. जाडे मीठ करडे, ओलसर असते. साखर समजून ते कोणी घेणार नाही. पाकिटातले बारीक मीठ मात्र पांढरेशुभ्र, सुटे असते आणि बारीक साखरेशेजारी ठेवले तर मोठ्यांचीही नजर फसते. दोघांनाही वास नाही. त्यात तुपाचा आणि वेलचीचा घमघमाट सुटलेला, त्यामुळे मुलाला शंका यायला कारणच उरत नाही.

मुलाने अर्धा किलो गाजरे किसून तुपात परतली, अर्धा लिटर दूध घालून आटवले. मग एक वाटी ‘साखर’ घातली. त्या वाटीत साखर सव्वाशे ग्रॅम मावते; मीठ अधिक दाट बसते, म्हणून ते पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास पडले. आई साखर घालते तेव्हा हलवा पुन्हा सैल होतो, हे त्याने पाहिलेले असते. मीठही गाजरातले पाणी ओढून काढते, त्यामुळे हलवा सैल झालेला पाहून त्याची खात्रीच पटते. सगळ्यात फसवी खूण हीच.

फरक आटताना दिसतो. उकळत्या 100 ग्रॅम पाण्यात साखर पावणेपाचशे ग्रॅमहून अधिक विरघळते. तिचा दाट पाक होतो आणि हलव्याला चकाकी येते. मीठ मात्र तेवढ्या पाण्यात जेमतेम 39 ग्रॅम विरघळते. पाणी आटले की ते पुन्हा कणांच्या रूपात बाहेर पडते. हलवा निस्तेज राहतो, पळीखाली कचकच लागते. ज्याने आधी कधी हलवा केलेला नाही, त्याला यातले वावगे ओळखता येत नाही. पहिला घासच ते सांगतो.

असा हलवा सुधारता येत नाही. वरून साखर घातली तरी मीठ कमी होत नाही. खारटपणा पदार्थाच्या एक टक्क्यापर्यंत उतरवायचा, तर एकूण सतरा-अठरा किलो हलवा करावा लागेल. किस धुतला तर मिठाबरोबर दूध-तूपही वाहून जाते. आईचे मन राखण्यासाठी किंवा मुलाचे कौतुक म्हणून तो खाणेही बरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे आणि या हलव्याच्या एका मोठ्या चमच्यातच जवळपास तेवढे मीठ असते. लहान मुलांना एकदम गेलेले जास्त मीठ जिवावरही बेतू शकते.

घालण्यापूर्वी एक कण जिभेवर ठेवला तर सगळे निभावते. तापलेल्या तव्यावर चिमूटभर टाकूनही पाहता येते: साखर वितळून तपकिरी होते, मीठ तडतडते आणि पांढरेच राहते.