रेषेच्या टोकाशी शहराचे नाव

ठाणे, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी आणि उल्हासनगर या पाच शहरांची लोकवस्ती १९९१, २००१ आणि २०११ च्या खानेसुमारीवरून एकाच आलेखात मांडावयास मी कोपरीतील घरी बसलो, तेव्हा संगणकाने आपल्या शिरस्त्याप्रमाणे आलेखाखाली पाच रंगांची सूची आपण होऊन जोडून दिली. सूचीतील क्रम तक्त्यातल्या रकान्यांचा होता. रेषांचा क्रम निराळा. शिवाय या रेषा एकमेकींना छेदतात. १९९१ साली कल्याण-डोंबिवली सुमारे १०.१ लाखांवर, तर ठाणे ८ लाखांवर. २००१ मध्ये ठाणे १२.६, कल्याण-डोंबिवली ११.९. मीरा-भाईंदर तर पावणेदोन लाखांवरून उठून प्रथम उल्हासनगरास आणि पुढील दशकात भिवंडीसही मागे टाकते. प्रत्येक छेदबिंदूपाशी वाचकाची नजर सूचीकडे उतरते आणि परतताना हमखास शेजारच्या रेषेवर जाऊन बसते. त्यातून कागद झेरॉक्स होऊन आला, म्हणजे पाचही रंगांची एकच करडी छटा उरते.

म्हणून सूची काढून टाकली. रेषेवर एकदा टिचकी मारली की सबंध रेषा निवडली जाते. शेवटच्या बिंदूवर पुन्हा मारली की केवळ तो बिंदू. त्यालाच रेषेचे नाव जोडावयाचे. नावे उजव्या टोकाशी घेण्याचे कारण आकड्यांतच आहे: डावीकडे, १९९१ मध्ये, भिवंडी ३.८ आणि उल्हासनगर ३.७ लाख, म्हणजे दोन नावे एकमेकांवरच चढली असती. उजवीकडे मात्र १८.४, १२.५, ८.१, ७.१ आणि ५.१ अशी फारकत झालेली आहे.

तरीही अडचण उरतेच. सहा सेंटिमीटर उंचीत वीस लाख बसविले, तर लाखाला तीन मिलिमीटर येतात. मीरा-भाईंदर आणि भिवंडी यांत तेवढेच अंतर. देवनागरीला वेलांट्या-अनुस्वारांसाठी शिरोरेषेच्या वरही जागा लागते, त्यामुळे बारा पॉइंटांची दोन नावे तेथे एकमेकांस भिडतात. तेव्हा वरचे मिलिमीटरभर वर, खालचे तितकेच खाली सरकवावे आणि अक्षरांना ज्या त्या रेषेचाच रंग द्यावा. मात्र पिवळ्या रेषेचे नाव गडद करून घ्यावे. ‘कल्याण-डोंबिवली’सारख्या लांबलचक नावाकरिता उजवा समास आधीच रुंद ठेवावा लागतो, नाहीतर अक्षरे चौकटीबाहेर जातात.

ही पद्धत नवी नव्हे. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख काढले, तेव्हा रेषांची नावे रेषांच्या अंगावरच लिहिली होती; सूचीची सक्ती, माझ्या मते, संगणकाच्या सोयीची आहे.

हाच आलेख मुंबई महानगर प्रदेशातील साऱ्या नगरपालिकांचा करावयाचा म्हटला, तर पंधरा-वीस नावे उजव्या टोकाशी दाटीवाटीने कोंबली जातील. तेथे हव्या त्या दोन-तीन रेषांनाच रंग आणि नाव देऊन बाकीच्या फिक्या करड्या ठेवाव्यात, किंवा प्रत्येक शहराचा लहानसा स्वतंत्र आलेख एकाच मापावर काढावा.