आठ मिलिमीटर की बारा?

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी मांसल उंचवटा वाढतो. त्याला पॉलिप म्हणतात. पॉलिपांपैकी ‘अ‍ॅडिनोमा’ या प्रकारातल्या थोड्यांचा पुढे कर्करोग होऊ शकतो, पण त्याला बहुधा दहाएक वर्षे लागतात. एवढा अवधी मिळतो म्हणूनच दुर्बिणीच्या तपासणीला, म्हणजे कोलोनोस्कोपीला, अर्थ आहे.

समजा, पंढरपूरच्या एका शाळेतल्या ५४ वर्षांच्या शिक्षकांना शौचावाटे रक्त जाते. मूळव्याध असेल म्हणून त्यांनी वर्षभर दुर्लक्ष केले. शेवटी तपासणी झाली आणि दोन पॉलिप सापडले. गुदाशयात एक छोटा, फिकट आणि बसकट. त्याच्या वर, आतड्याच्या डाव्या वळणदार भागात दुसरा, अळंबीसारखा देठावर उभा. फोटोत दुसरा चांगला लिंबाएवढा दिसतो!

इथे पहिली अडचण येते. दुर्बिणीच्या टोकाचे भिंग फार रुंद कोनातून पाहणारे असते. भिंगाजवळ आलेली वस्तू त्यात भलतीच मोठी दिसते, जरा दूर गेली की लहान. फोटोत शेजारी मोजपट्टीही नसते. (विद्यार्थ्यांना हे दाखवायचे असेल तर दाराला बसवलेल्या पाहणीच्या भिंगातून आपलेच बोट जवळ-दूर धरून पाहायला सांगावे.) म्हणून डॉक्टर माहीत असलेल्या मापाची वस्तू पॉलिपला टेकवतात. तुकडा घेण्याच्या चिमट्याचे उघडे तोंड साधारण ७-८ मिलिमीटर रुंद असते. देठाच्या पॉलिपचे डोके त्याच्या दीडपटीहून थोडे अधिक भरले, तर तो सुमारे १२ मिलिमीटरचा. नुसत्या नजरेने अंदाज केला की आकडे ५ किंवा १० अशा गोल संख्यांकडे झुकतात, आणि नेमका १० हाच आकडा निर्णायक आहे.

आकारानंतर पाहायचा तो पृष्ठभाग. रक्तातले हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर-जांभळा आणि ५४० च्या आसपासचा हिरवा प्रकाश जास्त शोषते. दुर्बिणीतून फक्त हेच दोन पट्टे सोडले की रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. आपल्या शिक्षकांचा छोटा पॉलिप या प्रकाशातही भोवतालच्या अस्तराइतकाच फिका राहिला. अशा गुदाशयातल्या चिमुकल्या पॉलिपाला सहसा धोका नसतो, तो तसाच ठेवला तरी चालतो. देठाचा मात्र तपकिरी झाला. त्यावर लांबट नळ्यांसारखी पांढरी नक्षी आणि तिच्या कडेने जाड तपकिरी वाहिन्या दिसल्या. हे अ‍ॅडिनोमाचे रूप. तो काढायचाच. देठाभोवती तारेचा फास आवळून, वीज सोडून तो कापतात, म्हणजे देठातली रक्तवाहिनी त्याच वेळी भाजून बंद होते.

तिसरे रूप या शिक्षकांत दिसले नाही, पण ते ओळखता यायला हवे. नक्षी पुसली गेलेली, वाहिन्या तुटक, मध्ये खळगा. तिथे कर्करोग खोल शिरलेला असण्याची शक्यता असते. फास टाकण्याची घाई न करता तुकडा घेतात, जागेवर शाईची खूण करतात आणि शस्त्रक्रियेचा विचार करतात.

काढलेला पॉलिप सूक्ष्मदर्शकाखाली गेला. अहवाल आला : अ‍ॅडिनोमा, पेशींतला बदल सौम्य, कापलेली कड स्वच्छ. आता पुढची तपासणी कधी? १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा अ‍ॅडिनोमा निघाला तर ३ वर्षांनी, यावर २०२० च्या अमेरिकन आणि युरोपीय सूचनांचे एकमत आहे. हाच एकटा पॉलिप ८ मिलिमीटरचा असता तर अमेरिकनांनी ७ ते १० वर्षे सांगितली असती आणि युरोपीयांनी खास फेरतपासणीच सांगितली नसती. चिमट्याने मापण्याचा खटाटोप यासाठी. अर्थात आतडे नीट साफ नसेल तर या सगळ्या मुदती गैरलागू होतात. मळाखाली दुसरा पॉलिप दडलेला असू शकतो, म्हणून तपासणी लवकर पुन्हा करावी लागते.

या मुदती पाश्चात्त्य रुग्णांच्या अनुभवावर बेतलेल्या आहेत, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथल्या नोंदींत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने फारच कमी आढळते. त्यामुळे काहीही त्रास नसलेल्या प्रत्येकाची दुर्बिणीने तपासणी करावी असे मला इथे वाटत नाही. पण रक्त जाते त्याची गोष्ट वेगळी, आणि ज्याच्या आतड्यात मोठा अ‍ॅडिनोमा एकदा निघाला त्याचीही वेगळी.

आपले शिक्षक ३ वर्षांनी पुन्हा तपासणीला जातील, तेव्हा चिमट्यासकटचा तो फोटो आणि अहवाल त्यांनी बरोबर न्यावा. आतडे स्वच्छ निघाले तर अमेरिकन सूचनांप्रमाणे त्यानंतरची तपासणी ५ वर्षांनी.